चिरंजीवांचे ३१ मार्क आणि माझा मध्यक

पन्नासपैकी ३१ मार्क घेऊन चिरंजीव घरी आले आणि वर "अर्ध्या वर्गापेक्षा पुढे आहे" असं छातीठोकपणे सांगितलं. आता हे तपासायचं कसं, तर मॅडमनी पालकांच्या ग्रुपवर कुणाचे मार्क न टाकता नुसता तक्ता टाकलेला. ० ते १० मध्ये २ मुलं, १० ते २० मध्ये ६, २० ते ३० मध्ये १०, ३० ते ४० मध्ये १४, ४० ते ५० मध्ये ८, एकूण ४०. म्हणलं, दहावीत आपण हे केलंय, आणा वही!

आधी मध्य, म्हणजे सरासरी काढली. गटातल्या प्रत्येकाला त्या गटाच्या मधोमधचे मार्क पडलेत असं समजायचं, म्हणजे पहिल्या दोघांना ५-५, पुढच्या सहांना १५-१५, असं करत बेरीज आली १२००, भागिले ४०, मध्य ३०. (सगळे आपापल्या गटाच्या तळाला बसले असतील तर खरा मध्य २५ सुद्धा असू शकतो, पण हे मी त्याला सांगितलं नाही, उगाच चढला असता.)

मग मध्यक, म्हणजे मार्कांप्रमाणे रांग लावली तर मधोमध येणाऱ्याचे मार्क. सूत्र आठवलं, L + ((N/2 − cf) / f) × h, आणि उत्तर आलं २१.४३! चिरंजीव खूश, "बघ, मी किती पुढे!" मी पण पाच मिनिटं पेढे आणायच्या विचारात. मग बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, विसावा मुलगा ३० ते ४० मध्ये बसलाय ना, मग त्याचे मार्क २१ कसे? झालं. मी cf म्हणून त्याच गटाची संचित वारंवारता, म्हणजे तिथपर्यंतची एकूण मुलं, ३२ घेतली होती, घ्यायची असते आधीच्या गटाची, १८. वीस वजा अठरा दोन, भागिले १४, गुणिले १०, म्हणजे १.४३, त्यात ३० मिळवले की ३१.४३.

आणि याचे ३१. पॉइंट त्रेचाळीसनी गेला!

पण पोरगं कुणाचं? म्हणाला, "बाबा, ते चौदा जण ३० ते ४० मध्ये सारखे पसरलेत हे तुला कुणी सांगितलं?" सूत्र तसंच धरून चालतं हो, मी काय करू! "१८ जण तर नक्की माझ्या खाली आहेत, अजून दोघं तीसवाले निघाले की मी वरच्या अर्ध्यात."

तेव्हापासून तो एकेका मित्राला फोन करून "तुला तीस पडलेत का रे" असं अत्यंत आपुलकीनं विचारतोय. रात्री साडेनऊपर्यंत एकच सापडलाय.