‘आवडेल ते तो निवडतो’ या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “सर, दुकानदाराला चौदा प्रश्न विचारून ब्रीफ लिहिणे हे जुन्या एजन्सीवाल्यांचे नाटक आहे. तेवढ्या वेळात मी एआयवर चाळीस चित्रे काढून त्याच्यापुढे ठेवतो, आवडेल ते तो निवडतो. मराठी अक्षरांचा तुमचा मुद्दाही आता जुना झाला.”

उत्तर: एआयवर जाहिरातीचे चित्र काढण्याआधी दुकानदाराला प्रश्न विचारून ब्रीफ, म्हणजे चित्र कोणासाठी आणि त्यात काय हवे-नको याचा लेखी आराखडा, करावा, हा माझा लेख वाचून आपण सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. मात्र ‘नाटक’ हा शब्द मला लागला, आणि तो लागला हे सांगण्यात मला संकोच वाटत नाही. माझे वडील साताऱ्यात दुकानांच्या पाट्या रंगवत. ब्रश हातात घेण्याआधी ते दुकानाच्या पायरीवर तासभर बसत, मालकाशी बोलत आणि येणारे गिऱ्हाईक पाहत. मी स्क्रीन प्रिंटिंगपासून फ्लेक्सपर्यंत तेच करत आलो आहे. या कामावर आमच्या दोन पिढ्यांचे घर चालले आहे. मतभेद जरूर मांडावा, पण ज्यांची कामाची पद्धत आपण पाहिलेली नाही, त्यांना नाटकी ठरवण्याची घाई करू नये.

चौदा प्रश्न जास्त होतात, हे मान्य. सहा पुरेसे आहेत.

आता ‘आवडेल ते तो निवडतो’ या आपल्या वाक्याकडे वळतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. गेल्या पावसाळ्यात कंदी पेढ्यांच्या एका दुकानाचा दहा बाय चार फुटांचा फ्लेक्स माझ्याकडे आला. माझ्याआधी एकाने मालकांना, आपण सांगता त्याच पद्धतीने, एआयच्या चित्रांचा ढीग दाखवला होता आणि त्यांनी त्यातले सर्वांत देखणे चित्र निवडले होते. चित्रात पिवळे, गोल, चपटे पेढे होते आणि प्रत्येकावर पिस्त्याचा काप होता. चित्र सुंदर होते, पण माल त्यांचा नव्हता. साताऱ्याचा कंदी पेढा खवा खरपूस भाजून केलेला, तपकिरी, ओबडधोबड आणि साखरेत घोळलेला असतो. नुसते ‘पेढा’ लिहिले की आमच्याकडेही यंत्राने पिवळाच पेढा काढला. फ्लेक्स पाहून आत आलेली माणसे ‘तो बाहेरचा द्या’ म्हणू लागली, तेव्हा मालकांनी तो उतरवला.

मी त्यांना ‘तुमचे गिऱ्हाईक कोण?’ असे विचारले. ‘सगळेच,’ ते म्हणाले. अशा उत्तरावर थांबणारा माणूस ब्रीफ लिहीत नाही, नुसती टिपणे घेतो. म्हणून मी विचारले, ‘काल सकाळपासून कोण कोण आले आणि काय विचारून गेले?’ तेव्हा ते सांगू लागले: गावातले लोक पाव किलो नेतात आणि काही विचारत नाहीत. कासची फुले पाहायला निघालेले पुण्या-मुंबईचे लोक मात्र पेढा हातात घेऊन हटकून विचारतात, ‘हा जळालाय का हो?’

हे एक वाक्य हाती लागले आणि ब्रीफ जमले. त्यात एवढेच होते: फ्लेक्स गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्यासाठी आहे; हा रंग जळल्याचा नसून भाजल्याचा आहे, एवढे त्याला पटावे; पेढा जवळून दिसावा आणि एक मोडलेला असावा, म्हणजे आतला रवाळपणा कळेल; पिस्ता, केशर, वर्ख नको; डावीकडचा एक तृतीयांश भाग अक्षरांसाठी मोकळा हवा. रंगाच्या ओळीत मी ‘सोनेरी तपकिरी’ लिहिले होते. मालकांना वाचून दाखवताच ते म्हणाले, ‘सोनेरी कसला? चिकूच्या सालीसारखा म्हणा.’ ब्रीफ मालकांना वाचून दाखवायचे ते यासाठीच. त्यांनी नुसती मान डोलावली, तर आपण अजून मोघम लिहिले आहे असे समजावे.

यानंतर त्यावरून एआयला द्यायचा प्रॉम्प्ट लिहिला:

```
Close-up of roasted milk sweets, matte caramel brown,
rough uneven rolls dusted with fine sugar,
one broken open, grainy inside,
plain steel tray, morning light, left third empty
```

यात चिकू नाही, कारण तो शब्द घातला तर चित्रात चिकूच येण्याचा धोका असतो. पिस्त्याचेही नाव नाही, कारण ‘पिस्ता नको’ असे लिहिल्यावर कित्येकदा पिस्ताच उगवतो. मालकांचे शब्द आणि ‘नको’ची यादी ब्रीफमध्ये राहते, प्रॉम्प्टमध्ये जे दिसायला हवे तेवढेच जाते. आलेली चित्रे मात्र त्या यादीशी ताडून पाहायची. आम्ही नऊ चित्रे काढली. दोन पिवळसर होती, ती मालकांना दाखवण्याआधीच बाजूला झाली. चाळीसांतून निवडायला आपल्याकडे ‘आवडले’ याखेरीज कोणती कसोटी आहे, ते आपण लिहिलेले नाही.

अक्षरांबद्दल एवढेच की दहा फुटी फ्लेक्सवर एक वेलांटी चुकली, तरी ती रस्त्यापलीकडून दिसते. म्हणून मी अक्षरे एआयवर न सोपवता चित्र झाल्यावर हातानेच बसवतो.

त्या मालकांनी यंदाच्या हंगामासाठी पाव किलोच्या खोक्याचे काम दिले आहे. मागचे ब्रीफ काढून मी त्यात पाहुण्याच्या जागी गावातले गिऱ्हाईक लिहिले. त्याला रंग पटवून द्यायची गरज नाही, म्हणून मोडलेला पेढा या वेळी वगळला आहे.