पकडताना कोपर दुखतं, मग दोष मानेचा कसा?

«वस्तू उचलताना, पकडताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येते ना? ते कोपराचं दुखणं नाहीच. सूज नाही, एक्स-रे नॉर्मल, म्हणजे कोपर ठणठणीत. पकड ढिली झाली म्हणजे मानेत नस दबलीय. मानेचा एमआरआय काढा, गॅप कमी झालेली दिसेलच. हाताला पूर्ण आराम द्या, मानेचे व्यायाम करा, कोपर आपोआप बरं होतं.»

कोपर दुखणाऱ्याला दिलेला हा सल्ला चुकीचा का, ते पाहू. एक्स-रेपासून सुरुवात करू. एक्स-रेत हाडं दिसतात, आणि हे दुखणं बहुतेक वेळा हाडाला घट्ट चिकटलेल्या टेंडनचं, म्हणजे कंडरेचं असतं. तळहात खाली ठेवून हात टेबलावर टेका आणि फक्त पंजा मनगटातून वर उचला. हे काम करणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या बाजूला हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, तिथून निघतात. त्यातल्या एका स्नायूचं नाव एक्स्टेन्सर कार्पी रेडिअलिस ब्रेव्हिस, सोयीसाठी ईसीआरबी. ज्याला सगळे टेनिस एल्बो म्हणतात, त्यात मुख्यतः या ईसीआरबीच्या टेंडनचं मूळ खराब झालेलं असतं. हे दुखणं होणाऱ्या बहुतेकांनी टेनिसची रॅकेट कधी हातातही धरलेली नसते.

सूज दिसत नाही याचंही कारण आहे. जुन्या टेनिस एल्बोतलं टेंडन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर दाहाच्या पेशी फारशा सापडत नाहीत. सापडतात ते विस्कटलेले तंतू आणि त्यांच्यात वाढलेल्या बारीक नव्या रक्तवाहिन्या. टेंडन झिजतं आणि त्याची डागडुजी अर्धवट राहते. त्यामुळे बाहेरून कोपर अगदी नेहमीसारखं दिसणं, हेच या दुखण्याचं नेहमीचं रूप आहे. त्यावरून कोपर निर्दोष ठरत नाही.

आता पकडीकडे येऊ, कारण खरा गोंधळ इथे होतो. मनगट पूर्ण आतल्या बाजूला वाकवा आणि तसंच ठेवून मूठ घट्ट आवळून बघा. आवळता येत नाही. बोटं मिटवणारे स्नायू मनगटालाही आत ओढतात आणि मनगट आत गेलं की मूठ सुटते. म्हणून काहीही पकडताना ईसीआरबी आणि त्याचे शेजारी मनगटाला मागून ताणून धरतात. पंजा वर उचलला नाही, नुसती बाटली धरली, तरी त्या टेंडनवर भार येतोच. कोपर सरळ असताना तो जास्त बोचतो, वाकवल्यावर कमी. एखादी पिशवी हात लांब करून, तळहात खाली ठेवून उचलली तर जीव जातो, पण तीच पिशवी कोपर अंगाला टेकवून, तळहात वर करून उचलली तर फारसं काही होत नाही. याचं कारण एवढंच.

मानेतून निघणारी नस दबली असेल तर हे गणित बसत नाही. नसेच्या मुळावरचा दाब मानेत असतो आणि तो मानेच्या स्थितीने बदलतो. तळहात वर आहे की खाली, याने त्या मुळाला काही फरक पडत नाही.

मग पकड ढिली होण्याचा अर्थ काय? कमजोरी दोन प्रकारची असते. टेंडन दुखत असेल तर मेंदूच स्नायूला पूर्ण जोर लावू देत नाही. जोर लावला की कळ येते आणि मूठ सुटते. ही कमजोरी दुखण्यासोबत येते आणि कोपर वाकवलं की बरीच कमी होते. नस दबल्याने येणारी कमजोरी वेगळी असते. जोर लावताना कोपरात कळ नसते, तरीही स्नायू साथ देत नाही, आणि कोपर वाकवून फायदा होत नाही. शिवाय ती एकट्या पकडीपुरती राहत नाही. मानेच्या सातव्या नसेच्या मुळाचा, सी-७ चा, त्रास असेल तर दंडाच्या मागचा ट्रायसेप्सही ढिला पडतो, म्हणजे वाकवलेलं कोपर कुणी अडवलेलं असताना सरळ करायला ताकद कमी पडते. मधल्या बोटाला मुंग्या येतात. सी-६ असेल तर मुंग्या अंगठा आणि तर्जनीत येतात आणि दंडाच्या पुढच्या बायसेप्सवर परिणाम होतो. मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंनाही याच दोन मुळांकडून नस येते, म्हणून तेवढ्याच भागाकडे पाहिलं तर दोन्ही आजार सारखे वाटतात.

एक उदाहरण घेऊ. समजा चव्वेचाळीस वर्षांची एक व्यक्ती, उजवा हात वापरणारी. दोन दिवस सलग स्क्रूड्रायव्हरने फळ्या बसवल्या आणि आठवड्याभराने उजवं कोपर बाहेरून दुखायला लागलं. भरलेली किटली उचलताना कळ येते, कपडा पिळताना येते, दाराची मूठ फिरवताना येते. हाडाच्या उंचवट्याच्या जरासं पुढे बोटाने दाबलं तर ती दचकते. कोपर सरळ ठेवून मनगट वर उचलायला लावलं आणि वरून अडवलं, की नेमकी तीच कळ. कोपर सरळ ठेवून मधलं बोट वर उचलायला लावलं आणि तेही अडवलं, तरी तीच. पकड मोजणाऱ्या उपकरणावर कोपर वाकवून २८ किलो, सरळ करून १५ किलो. ट्रायसेप्स दोन्हीकडे सारखा, बोटांत मुंग्या नाहीत, मान दोन्हीकडे मोकळी फिरते आणि फिरवताना कोपराला काहीही होत नाही. मानेचा एक्स-रे मात्र सी-५ आणि सी-६ या मणक्यांमधली जागा कमी झाल्याचं सांगतो.

या व्यक्तीच्या कोपराचं दुखणं कोपराचंच आहे. मानेची ती 'गॅप' खरी आहे, पण तिचा या दुखण्याशी संबंध असल्याचं एकही लक्षण नाही.

एमआरआयबद्दलची माहिती तर बरीच जुनी आहे. १९९० साली मानेचा काहीही त्रास नसलेल्या ६३ लोकांचे एमआरआय काढले होते. चाळिशीच्या आतल्या १४ टक्के आणि चाळिशीपुढच्या २८ टक्के लोकांच्या मानेत मोठे दोष दिसले. २०१५ साली जपानमधल्या १,२११ निरोगी लोकांच्या अभ्यासात ८७.६ टक्के लोकांची एखादी तरी डिस्क फुगलेली निघाली. यांपैकी कुणालाही लक्षणं नव्हती. म्हणून चाळिशीपुढच्या माणसाचा मानेचा एमआरआय काढला तर त्यात काहीतरी सापडण्याची शक्यता मोठीच असते. एमआरआयचा उपयोग तपासणीत नसेचा संशय आल्यानंतर होतो. संशयाशिवाय काढला तर फिल्मवर दिसेल ते कोपराच्या माथी मारलं जातं, आणि हेच आम्हाला सर्वात जास्त खटकतं. नाहक घाबरलेला माणूस मग महिनोन्‌महिने मान सांभाळत बसतो आणि कोपर तसंच दुखत राहतं.

नसेचा संशय कधी घ्यावा? दुखणं मानेतून किंवा खांद्याच्या पात्याच्या आतल्या कडेपासून सुरू होऊन हातात उतरत असेल, बोटांत मुंग्या किंवा बधिरपणा असेल, दुखऱ्या बाजूला वळून वर पाहिलं की कळ हातात जात असेल, हात डोक्यावर ठेवला की बरं वाटत असेल, किंवा मान दुखऱ्या बाजूला ६० अंशांपेक्षा कमी वळत असेल, तर. अशा वेळी डॉक्टर किंवा फिजिओ मानेवर हलका दाब देऊन, मान हलकी ओढून आणि हाताची नस ताणून बघतात. दाबाची चाचणी घरी कुणाकडून करून घेऊ नका. हाताची नस ताणणारी चाचणी पूर्ण निर्दोष निघाली तर मानेच्या नसेची शक्यता खूपच कमी होते.

आणखी एक शक्यता उरते. सगळ्यात जास्त दुखरी जागा हाडावर नसून त्याच्या चार-पाच सेंटिमीटर खाली, स्नायूंच्या मांसल भागात असेल, तर हाताच्याच रेडियल नसेवर तिथे दाब असू शकतो. तेही मानेचं नव्हे.

मानेवर उपचार केल्याने काहींचं कोपर थोडा वेळ कमी दुखतं, हे मात्र खरं आहे आणि ते नाकारण्याचं कारण नाही. मानेचे मणके हलवण्याच्या काही पद्धतींनी टेनिस एल्बोचं दुखणं लगेच थोडं उतरतं. दुखण्याचे संदेश मज्जारज्जूत आणि मेंदूत कमीजास्त होतात आणि मानेवरच्या उपचाराने ते काही काळ दबतात. त्यामुळे आराम मिळाला म्हणून मूळ मानेत आहे असं सिद्ध होत नाही. शिवाय बहुतेकांचा टेनिस एल्बो वर्षभरात आपणहून बराच कमी होतो, मग त्या काळात जे काही केलं असेल त्याला श्रेय मिळतं.

पूर्ण आरामाच्या सल्ल्याने मात्र थेट नुकसान होतं. टेंडन भाराने टिकतं. सहा आठवडे हात गळ्यात अडकवून ठेवला तर दुखणं शांत होईल, पण टेंडन आणखी कमजोर होईल आणि पहिली बादली उचलताच कळ परत येईल. भार थांबवायचा नसतो, मोजून द्यायचा असतो.

सुरुवात अशी करता येते. हात टेबलावर टेकवा, कोपर वाकलेलं, तळहात खाली, मनगट जरासं वर. दुसऱ्या हाताने पंज्याला वरून दाब द्या आणि मनगट हलू न देता ३० ते ४५ सेकंद तो दाब झेला. मध्ये मिनिटभर थांबत असं चार-पाच वेळा, रोज. दुखणं दहापैकी तीनच्या पुढे जाऊ देऊ नका. एक-दोन आठवड्यांनी हे सहज जमायला लागलं की अर्ध्या ते एक किलोचं वजन घ्या. पंजा टेबलाच्या कडेबाहेर ठेवून दुसऱ्या हाताच्या मदतीने वर न्या आणि तीन-चार सेकंद घेत हळू खाली सोडा. दहा ते पंधरा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं नेहमीपेक्षा जास्त असेल तर आदल्या दिवसाचा भार जास्त झाला, तो कमी करा. तितकंच असेल तर चालू ठेवा. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात. बरेच जण तिसऱ्या आठवड्यात कंटाळून सोडतात आणि मग 'व्यायामाने काही झालं नाही' म्हणतात.

पट्टा वापरायचा असेल तर तो हाडावर बांधू नका, हाडाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली मांसल भागावर बांधा. फक्त कामापुरता बांधा आणि झोपताना काढा. बोटांत मुंग्या आल्या तर तो जास्त आवळला गेलाय.

हातातली ताकद दिवसागणिक कमी होत असेल, दोन्ही हातांनी बटणं लावणं अवघड जात असेल, चालताना तोल जात असेल, किंवा लघवी-शौचावरचं नियंत्रण बदललं असेल, तर त्या दिवशी कोपराचा व्यायाम नको आणि मानेचाही नको. हे मज्जारज्जूवर दाब आल्याचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.