सहा लाख सोडून पाच लाखांवर कोण थांबेल? एका प्रतिक्रियेला उत्तर

"लेख वाचला, पटला नाही. सहा लाख मिळत असताना पाच लाखांवर समाधान मानणारा धंदेवाला मी बारा वर्षांच्या कॉस्टिंगच्या नोकरीत पाहिलेला नाही. किमान नफ्याची अट घातली की ते शेवटी नफा वाढवणंच झालं, नाव तेवढं नवं. आणि गोडाउनचं भाडं वाढलं म्हणून पाकिटाचा दर वाढला, हे तर पहिल्या वर्षाच्या पुस्तकाविरुद्ध आहे. स्थिर खर्चाचा किमतीशी संबंध नसतो."

नमस्कार. इतकं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. मूळ लेखात माझं म्हणणं असं होतं की काही धंदे ठरलेला किमान नफा सुटला की पुढे नफा नव्हे, उलाढाल वाढवत नेतात, आणि म्हणून गोडाउनचं भाडं वाढलं की त्यांचा दरही वाढतो. तिथे मी आकडे घाईत उरकले होते, म्हणून आधी तेच नीट मांडतो.

कांदा-लसूण मसाल्याची पाकिटं बनवणारा एक कारखाना घेऊ. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत. दर 70 रुपये ठेवला तर महिन्याला 30 हजार पाकिटं खपतात आणि दर एक रुपयाने उतरवला की खप एक हजाराने वाढतो. मिरची, कांदा, तेल, पाकीट, मजुरी धरून एका पाकिटाला 40 रुपये लागतात. भाडं, पगार, हप्ते असा स्थिर खर्च महिन्याला 3 लाख.

70 रुपये दराने उलाढाल 21 लाख होते, बदलता खर्च 12 लाख, स्थिर 3, नफा 6 लाख. यापेक्षा जास्त नफा कुठल्याच दराला निघत नाही. उलाढाल मात्र सर्वात मोठी होते ती 50 रुपये दराला: 50 हजार पाकिटं, 25 लाख. पण तिथे नफा 2 लाखांवर येतो. दर त्याहीखाली नेला तर पाकिटं जास्त जातात आणि गल्ला कमी होतो. इथे मोजायची ती विक्रीची रक्कम, नग नव्हेत. हे मूळ लेखात मी स्पष्ट केलं नव्हतं, ती चूक माझी.

आता मालकांनी व्यवस्थापकाला सांगितलं, "महिन्याला 5 लाख माझ्या हातात पडले पाहिजेत, बाकी धंदा तू बघ." 5 लाख नफा आणि 3 लाख स्थिर खर्च, म्हणजे पाकिटामागे 40 रुपये खर्च वजा जाता जे सुटतं त्यातून 8 लाख यायला हवेत. ते दोन ठिकाणी येतात. 80 रुपये दराने 20 हजार पाकिटं, प्रत्येकी 40 रुपये सुटतात. किंवा 60 रुपये दराने 40 हजार, प्रत्येकी 20 रुपये सुटतात. नफा दोन्हीकडे 5 लाखच, पण उलाढाल पहिल्या ठिकाणी 16 लाख आणि दुसऱ्या ठिकाणी 24 लाख. उलाढाल वाढवू पाहणारा माणूस 60 रुपयांवर थांबतो.

तिथे तो काय करतोय ते जवळून पाहा. 40 हजारांवर आणखी एक हजार पाकिटं खपवायला दर 59 करावा लागतो. उलाढाल 24 लाखांवरून 24 लाख 19 हजार होते. म्हणजे 19 हजार आले आणि बनवायला 40 हजार गेले. नफा वाढवणारा माणूस या टोकाला येणारच नाही, तो 30 हजारांवरच थांबलेला असेल. म्हणून 'नाव तेवढं नवं' हे मला मान्य नाही. पाच लाख हे त्याचं ध्येय नाही, ते कुंपण आहे. कुंपणाच्या आत तो दुसरंच काहीतरी वाढवतोय.

पण असं कोणी का करेल? अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी 1959 मध्ये किमान नफा राखून उलाढाल वाढवण्याचं हे प्रारूप मांडलं ते अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या पाहून. तिथे मालकी भागधारकांची असते आणि रोजचा कारभार पगारी व्यवस्थापकांकडे. भागधारक शांत राहतील इतका लाभांश सुटला की व्यवस्थापकाचा पगार, मान, हाताखालची माणसं हे सगळं धंद्याच्या आकाराबरोबर वाढतं. आपल्याकडे तर स्वतः मालकालाही उलाढाल मोठी दाखवायचं एक रोकडं कारण आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीच्या शिफारशींनंतर लघुउद्योगाला बँकेकडून खेळत्या भांडवलाची मर्यादा अंदाजित वार्षिक उलाढालीच्या किमान 20 टक्के अशी धरली जाऊ लागली. एका कारखानदाराच्या केबिनमध्ये मी हे पाहिलं आहे. बँकेला द्यायच्या कागदांत उलाढालीच्या आकड्याखाली त्यांनी लाल पेनने दोन रेघा मारल्या होत्या. नफ्याचा आकडा त्याच पानावर होता, त्याला रेघ नव्हती.

आता भाड्याचा मुद्दा, कारण तुमच्या प्रतिक्रियेतला हाच भाग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. तुम्ही म्हणता ते नफा वाढवणाऱ्यासाठी पूर्ण बरोबर आहे. गोडाउनचं भाडं 75 हजारांनी वाढलं तर त्याचा नफा 6 लाखांवरून सव्वापाच लाख होतो, दर 70 च राहतो. दर हलवला तर नफा आणखी घटेल. पण 60 रुपयांवर बसलेल्याचा नफा एका रात्रीत सव्वाचार लाख होतो आणि मालकांचे 5 लाख भरत नाहीत. आता पाकिटांतून 8 ऐवजी पावणेनऊ लाख सुटायला हवेत. 65 रुपये दराने 35 हजार पाकिटं, प्रत्येकी 25 रुपये, बरोबर पावणेनऊ. उलाढाल 22 लाख 75 हजारांवर उतरते, पण कुंपण सांभाळलं जातं. भाडं वाढल्यावर त्याला दर चढवता येतो, कारण आधी तो मुद्दाम खाली ठेवलेला होता.

यावर तुम्ही कॉस्टिंगवाले म्हणाल की भाडं वाढल्यावर दर वाढवणारे आम्ही रोज पाहतो, ते एकूण खर्चावर टक्केवारी चढवतात इतकंच. हा आक्षेप खरा आहे. नुसता दर वाढला म्हणून समोरचा उलाढालीमागे आहे असं ठरत नाही. किती वाढला ते पाहावं लागतं. 75 हजार भाडं 40 हजार पाकिटांवर वाटलं तर पाकिटामागे 1 रुपया 88 पैसे होतात. तेवढंच वाढवलं तर खपही जवळजवळ दोन हजारांनी घटतो आणि नफा सुमारे 4 लाख 59 हजारांवर अडकतो. पाच लाखांची अट खरोखर पाळायची तर पूर्ण 5 रुपये वाढवावे लागतात. उलट तपासणीही करता येते. भाडं घटलं आणि कोणी न मागता दर खाली आला, तर तिथे कुंपणाच्या आतली मोकळी जागा उलाढालीवर खर्च होते आहे असा मला दाट संशय येईल.

या प्रारूपाची कच्ची बाजूही आहे. शेजारचा मसालेवाला दर पाडून उत्तर देईल हे त्यात धरलेलंच नाही. शिवाय आज नफा सोडून गिऱ्हाईक बांधणारा आणि दहा वर्षांच्या नफ्यावर डोळा ठेवणारा, हे दोघे एका महिन्याच्या हिशेबात सारखेच दिसतात. 5 लाखांचा आकडा कुठून आला हेही प्रारूप सांगत नाही. तो मालकांच्या घरखर्चातून, बँकेच्या हप्त्यांतून किंवा शेअरबाजाराच्या अपेक्षेतून येतो.

मात्र एका टोकाला तुमचं म्हणणं अक्षरशः खरं ठरतं. स्थिर खर्च 4 लाख झाला की 70 रुपये आणि 30 हजार पाकिटं या एकाच ठिकाणी 5 लाख निघतात. तिथे दोघांचा दर एकच. त्यापुढे भाडं वाढलं तर दर काहीही ठेवा, पाच लाख निघत नाहीत. मग मालकांना आकडाच खाली आणावा लागतो.

तुमच्या बारा वर्षांत स्थिर खर्च एकदम हलल्याचे आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांतल्या दराचे आकडे पाहण्यात आले असतील, तर कारखान्याचं नाव न घेता इथे लिहा. दर नुसत्या वाटणीइतका वाढला की त्याहून जास्त, हे मला पाहायचं आहे.