शिल्लक मालातले ४ लाख कोणाचे? एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया:

"एकत्रित लेख्यांवरचा तुमचा लेख वाचला. माफ करा, पण उदाहरण चुकलंय. उपकंपनीने ५० लाखांचा माल मुख्य कंपनीला विकला. त्यातला ६० टक्के पुढे बाहेर विकलाही गेला, तरी तुम्ही एकत्रित विक्रीतून पूर्ण ५० लाख वजा केलेत. वर शिल्लक मालातला सगळा ४ लाख नफा काढलात आणि बाहेरच्या भागधारकांचा वाटा ६ लाखांवरून ५.२ लाखांवर आणलात. त्यांच्या कंपनीने माल विकला, पैसे घेतले, नफा कमावला. मुख्य कंपनीचा हिस्सा ८० टक्के, म्हणून फार तर ३.२ लाख काढा. आम्हाला असंच शिकवलं होतं. तुमची पद्धत अल्पसंख्य भागधारकांवर अन्याय करणारी आहे."

उत्तर:

आधी माझी चूक कबूल करतो. माल कोणी कोणाला विकला, हे मी मूळ लेखात एका ओळीत सांगून पुढे गेलो. खरं तर तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. म्हणून उदाहरण पुन्हा मांडतो. मुख्य कंपनी आणि तिच्या नियंत्रणातली उपकंपनी यांचे हिशेब एकाच कंपनीचे समजून मांडले, की ते एकत्रित लेखे. उपकंपनीत मुख्य कंपनीचा हिस्सा ८० टक्के, बाहेरच्या भागधारकांचा २०. सगळे आकडे लाखांत आहेत आणि कर सध्या बाजूला ठेवला आहे.

उपकंपनीची विक्री २००, विकलेल्या मालाची किंमत १४०, इतर खर्च ३०, नफा ३०. मुख्य कंपनीची विक्री ४००, मालाची किंमत २८०, खर्च ३०, नफा ९०. उपकंपनीच्या २०० च्या विक्रीत मुख्य कंपनीला विकलेले ५० आहेत. तो माल उपकंपनीला ४० ला पडला होता. वर्षअखेरीस त्यातला दोन पंचमांश, म्हणजे २० चा माल मुख्य कंपनीच्या गोदामात पडून आहे.

आता विक्रीचा मुद्दा. बाहेर गेलेला ६० टक्के माल मुख्य कंपनीने ग्राहकाला विकला आणि ती विक्री तिच्या ४०० मध्ये आलेली आहे. उपकंपनीच्या पुस्तकातही त्याच मालाची विक्री आहे, फक्त ती मुख्य कंपनीला केलेली. तो ६० टक्के माल एकत्रित विक्रीत ठेवला, तर एकच माल दोनदा विकल्यासारखा दिसेल. माल पुढे गेला की पडून राहिला, याने विक्रीच्या वजावटीत काहीही फरक पडत नाही. पूर्ण ५० जातात आणि ५५० उरतात. माल पडून राहिल्याचा परिणाम दिसतो तो मालाच्या किमतीत आणि साठ्यात.

मालाची किंमत पाहू. या ५० च्या मालापोटी उपकंपनीने ४० खर्ची टाकले. मुख्य कंपनीने पुढे विकलेल्या भागापोटी ३० खर्ची टाकले. पुस्तकात एकूण ७० आले. दोन्ही कंपन्यांना एकच दुकान समजा. त्या दुकानाने बाहेर दिलेला माल मुळात कितीला पडला होता? ४० चे तीन पंचमांश, म्हणजे २४. तेव्हा ७० मधून ४६ काढायला हवेत. वर्किंग शीटवर, म्हणजे एकत्रीकरणाच्या कच्च्या तक्त्यावर, आपण नेमकं तेच करतो: अंतर्गत विक्रीचे ५० वजा आणि शिल्लक मालातल्या अप्राप्त, म्हणजे बाहेरच्या ग्राहकाकडून अजून न कमावलेल्या नफ्याचे ४ परत. ४२० मधून ५० गेले, ४ आले, राहिले ३७४. ढोबळ नफा १७६, खर्च ६०, एकत्रित नफा ११६. दोघांच्या नफ्याची नुसती बेरीज १२० होते, त्यापेक्षा बरोबर ४ कमी. ही ताळ्याची पहिली खूण. दुसरी खूण साठ्याची: मुख्य कंपनीच्या पुस्तकात २० असलेला माल एकत्रित ताळेबंदात १६ वर यायला हवा, कारण ४० चे दोन पंचमांश १६ होतात.

जाता जाता एक गोष्ट, कारण एका वर्षी मी स्वतः तिथे घसरलो होतो. नफा मालाच्या किमतीवर २५ टक्के असला, तर विक्रीवर तो २० टक्के होतो. साठा खरेदीदाराच्या पुस्तकात विक्रीच्या दराने असतो, म्हणून त्यावर २० टक्केच लावायचे. मी २५ लावले, ४ ऐवजी ५ काढले, आणि साठा १५ वर आला. समूहाला तो माल १५ ला कधीच पडला नव्हता. ही दुसरी खूण तपासली असती, तर तिथल्या तिथे पकडला गेलो असतो.

आता तुमचा मुख्य आक्षेप, ३.२ की ४. तुम्हाला असं शिकवलं असेल तर ते हवेतून आलेलं नाही. त्यामागे एक जुना विचार आहे. त्यानुसार एकत्रित लेखे हे मुख्य कंपनीच्या मालकांचे आणि उपकंपनीचे बाहेरचे भागधारक हे जणू तिऱ्हाईत. मग शिल्लक मालाचा ८० टक्के भाग आपण स्वतःकडून घेतला आणि २० टक्के परक्याकडून विकत घेतला असं धरायचं. त्या हिशेबाने साठा १६.८ येतो. तर्क म्हणून तो टिकतो. अडचण अशी की त्याच लेख्यांत आपण उपकंपनीची विक्री पूर्ण २०० धरतो, १६० नाही. तिची यंत्रं, तिची उधारी, तिची कर्जंही पूर्ण धरतो. नियंत्रण सबंध कंपनीवर आहे म्हणून सबंध कंपनी आत घ्यायची आणि तिच्याच मालातला नफा काढताना मात्र ८० टक्क्यांवर थांबायचं, हे एका माळेत बसत नाही. आयएफआरएस १० हे आंतरराष्ट्रीय लेखा मानक आणि त्यावर बेतलेलं भारतीय मानक इंड एएस ११० यांनी ही माळ एकसंध ठेवली: अंतर्गत व्यवहारातून साठ्यात किंवा स्थिर मालमत्तेत अडकलेला नफा पूर्ण काढायचा. त्याआधीचं भारतीय मानक एएस २१ सुद्धा पूर्णच काढायला सांगतं.

मला वाटतं, घोटाळा सहयोगी कंपनीच्या नियमावरून होतो. जिथे नियंत्रण नाही, फक्त लक्षणीय प्रभाव आहे आणि इक्विटी पद्धत लावतो, म्हणजे त्या कंपनीच्या नफ्यातला आपला वाटा एकाच ओळीत घेतो, तिथे व्यवहारातल्या नफ्याचा आपल्या हिश्शाएवढाच भाग वगळतात. ते तिथे योग्य आहे, कारण तिथे दुसऱ्या कंपनीचा साठा आपल्या ताळेबंदात ओळीने घेतच नाही. दोन्ही प्रकरणं लागोपाठ शिकवली जातात आणि टक्केवारी एका वहीतून दुसऱ्या वहीत सरकते.

एकदा ४ पूर्ण काढायचे ठरले, की प्रश्न उरतो तो हे ४ कोणाच्या वाट्यातून काढायचे. इथे तुमच्या म्हणण्याला मी थोडी जागा देतो. एकत्रित नफा मालकांमध्ये वाटा असं मानक सांगतं, पण अंतर्गत नफ्याची ही वजावट दोघांत कशी विभागायची, याचं स्पष्ट सूत्र देत नाही. अमेरिकी नियमांतही ती दोघांत वाटता येते इतकंच म्हटलंय. व्यवहारात रूढ आहे ते असं: नफा ज्याच्या पुस्तकात बसलाय, वजावट त्याच्या मालकांवर. आपल्या उदाहरणात विकणारी उपकंपनी आहे. अडकलेला नफा तिच्या ३० मध्ये बसलाय, म्हणून समूहाच्या नजरेतून तिचा नफा २६, त्याचे २० टक्के ५.२. मुख्य कंपनीच्या मालकांचे ९० अधिक २६ चे ८० टक्के, म्हणजे ११०.८. दोन्ही मिळून ११६. उलट, मुख्य कंपनीने तोच माल उपकंपनीला विकला असता, तर नफा मुख्य कंपनीच्या पुस्तकात असता, बाहेरच्यांचे ६ जसेच्या तसे राहिले असते आणि मालकांचे ११० झाले असते. एकूण नफा दोन्हीकडे ११६च. ही दिशा मी लेखात ठळक करायला हवी होती.

तुम्ही म्हणता त्यांच्या कंपनीने पैसे घेतले, ते खरं आहे. उपकंपनीच्या स्वतःच्या लेख्यांत नफा ३०च राहतो. त्यातला एक पैसाही कमी होत नाही आणि तिचा लाभांशही त्याच लेख्यांवरून ठरतो. वर्किंग शीटवरची वजावट उपकंपनीच्या खातेवहीत कधी जातच नाही. ५.२ हा आकडा सांगतो तो इतकाच, की समूहाने बाहेरच्या जगाकडून जे कमावलं त्यात बाहेरच्या भागधारकांचं किती. आणि हा आकडा खर्च नाही. एएस २१ च्या मांडणीत तो वजा करून खाली मुख्य कंपनीच्या मालकांचा नफा काढतात, म्हणून तो खर्चासारखा भासतो. इंड एएसमध्ये नफा ११६च दाखवतात आणि त्याखाली त्याची वाटणी लिहितात. ताळेबंदातही हा वाटा आता इक्विटीतच, पण वेगळ्या ओळीवर असतो. उपकंपनी समूहानेच सुरू केली असं धरा, भांडवल १०० आणि साठलेला राखीव निधी ९०. मग बाहेरच्यांचा वाटा १९० मधून ४ वजा करून राहिलेल्या १८६ चे २० टक्के, म्हणजे ३७.२. उपकंपनी नंतर विकत घेतली असती, तर ख्यातीमूल्य आणि संपादनाच्या दिवशीचं मोजमाप मध्ये आलं असतं. तो विषय इथे ओढत नाही.

अन्यायाबद्दल म्हणाल, तर पुढचं वर्ष बघा. समजा उपकंपनीचा नफा ३५ झाला, नवी अंतर्गत विक्री नाही आणि गोदामातला २० चा माल बाहेर गेला. अडकलेले ४ आता कमावले गेले. समूहाच्या नजरेतून उपकंपनीचा नफा ३९, बाहेरच्यांचा वाटा ७.८. दोन वर्षांचे ५.२ आणि ७.८ मिळून १३. उपकंपनीच्या पुस्तकांतल्या ६५ चे २० टक्केही १३च. त्यांचा एक रुपयाही बुडाला नाही, फक्त वर्ष बदललं.

अट एकच: दुसऱ्या वर्षाची नोंद विसरता कामा नये. गेल्या वर्षीची वजावट कोणाच्याच खातेवहीत नाही, त्यामुळे यंदा उपकंपनीचा सुरुवातीचा राखीव निधी त्या ४ सकटच येतो. वर्किंग शीटवर मुख्य कंपनीच्या मालकांचा सुरुवातीचा राखीव निधी ३.२ ने नावे, बाहेरच्यांचा वाटा ०.८ ने नावे आणि विकलेल्या मालाची किंमत ४ ने जमा करावी लागते. ही नोंद करायची राहून गेली, की सुरुवातीचा आकडा गेल्या वर्षीच्या छापील ताळेबंदाशी बरोबर ४ ने जुळत नाही. असा फरक दिसला, तर बाकी कुठे शोधण्याआधी गेल्या वर्षीचा शिल्लक माल काढून बघायचा.

कर मी बाजूला ठेवला होता. खरेदीदाराचा दर २५ टक्के असेल, तर या ४ वर इंड एएस १२ नुसार १ लाखाची डिफर्ड टॅक्स मालमत्ता, म्हणजे पुढे वाचणारा कर, येते, निव्वळ वजावट ३ होते आणि बाहेरच्यांवरचा भार ०.८ ऐवजी ०.६. मूळ लेखात विक्रीची दिशा आणि हा कराचा भाग आज टाकतो आहे. ४ चा आकडा मात्र तोच राहील.