‘दुसरं म्हणजे’ची गडबड

प्रतिक्रिया : “‘आता दुसऱ्या मुद्द्याकडे वळू या’ असली वाक्यं भाषणात पेरायला सांगता, त्यानं भाषण सरकारी अहवालासारखं होतं. श्रोते काही लहान मुलं नाहीत. विषय नीट मांडला की ओघ आपोआप कळतो.”

ते वाक्य पोकळ आहे, हे मला पूर्ण मान्य. त्यात फक्त आकडा आहे, मजकूर नाही. पण ‘आपोआप कळतो’ हे मला पटत नाही. वाचणारा मागचा परिच्छेद पुन्हा बघू शकतो. ऐकणाऱ्याला ती सोय नाही. पडद्यावर काही दाखवणार नसाल, तर आपण कुठं आहोत हे त्याला फक्त तुमच्या वाक्यांतूनच कळणार.

झोपेवरचं वीस मिनिटांचं भाषण घ्या. मुद्दे तीन : उजेड, वेळ आणि काळजी. पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाताना मी असं लिहीन : “उजेड कमी केला, तरी काहींना झोप लागत नाही. कारण त्यांची अडचण उजेडाची नसते, वेळेची असते. रोज वेगळ्या वेळी झोपलं तर शरीराचं काय होतं?” इथं क्षणभर थांबायचं. मागचं काय संपलं, ते का पुरलं नाही आणि पुढं काय, हे सगळं त्यात आलं. अहवालाचा वासही नाही.

शब्द मात्र तेच ठेवायचे. लेखात पुनरुक्ती टाळायची सवय असल्यानं आपण आधी ‘उजेड’, मग ‘प्रकाश’, मग ‘दिवे’ म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं, नवीन काहीतरी सुरू झालं.

सगळ्यात जास्त घोटाळा आकड्यांचा होतो, आणि तो मी स्वतः केला आहे. उजेडाबद्दल बोलताना म्हणालो, “दुसरं म्हणजे, मोबाइल डोळ्यांच्या फार जवळ असतो.” तो उजेडातलाच पोटमुद्दा होता. भाषणानंतर एका बाईंनी विचारलं, “तुमचा चौथा मुद्दा काळजीचा होता ना?” त्यांनी अगदी बरोबर मोजलं होतं, चूक माझ्या लिहिण्यात होती. तेव्हापासून आकडे फक्त मुख्य मुद्द्यांना देतो. पोटमुद्द्याला ‘यातच आणखी एक’ एवढं पुरतं. मध्ये किस्सा आला, तर तो संपल्यावर “तर, उजेडाकडे परत” असं मुद्द्याचं नाव घेऊनच मागे येतो, कारण किस्सा रंगला की मूळ धागा हमखास सुटतो.

खात्री करायची असेल, तर मसुदा एखाद्याला मोठ्यानं वाचून दाखवा, त्याच्या हातात कागद न देता. मध्येच थांबा आणि विचारा : आत्ता कशाबद्दल चाललंय? किती राहिलं? तो अडखळला, तर त्याआधीचं वळण पुन्हा लिहा.

एकच मुद्दा असलेल्या पाच मिनिटांच्या भाषणात मात्र तुमचं म्हणणं खरं आहे. तिथं मीही यातलं काही लिहीत नाही.