छोटा परिचय, मोठा परिचय आणि एक टाचणी

★★ "वाचन प्रेरणा दिनाच्या कार्यक्रमासाठी प्रमुख पाहुण्यांचा परिचय यांच्याकडून लिहून घेतला. छोटा आणि मोठा असे दोन दिले. आयत्या वेळी छोटा वाचला, तर त्यात सरांचा पुरस्कारच नाही! वर दोन्ही कागद एकत्र टाचलेले, आमच्या निवेदिकेने पहिला संपवून दुसराही सुरू केला. सभागृहात हशा."

नमस्कार,

पुरस्काराची चूक माझीच. छोटा परिचय म्हणजे मोठ्याला कात्री लावलेला नव्हे, तो वेगळा लिहावा लागतो, असं मी मानतो. जास्तीत जास्त साठ-सत्तर शब्द, व्यासपीठावरच्या संथ वाचनात पाऊण मिनिट. तेवढ्यात एकच गोष्ट नीट सांगता येते, म्हणून मी सरांची सायकलवरून पाड्यांवर फिरणारी पुस्तकांची पेटी घेतली आणि ग्रंथमित्र पुरस्कार मोठ्या परिचयात ठेवला. पण तुमच्या निमंत्रणपत्रिकेत सरांच्या नावाखाली तोच पुरस्कार छापलेला होता. पत्रिकेत जे छापलं, ते लोक कानांनी शोधतात. पत्रिका हाती असूनही हे माझ्या लक्षात आलं नाही.

छोटा परिचय असा हवा होता: "आजचे प्रमुख पाहुणे शासनाच्या ग्रंथमित्र पुरस्काराचे मानकरी आहेत. पण पाड्यांवरची मुलं त्यांना ओळखतात ती पेटीवाले सर म्हणून. वाचनालय दूर आहे म्हणून मूल वाचत नसेल, तर वाचनालयानेच चालत जावं, असं म्हणत ते शनिवारी सायकलला पुस्तकांची पेटी बांधून निघत. आज ते आपल्याकडे आले आहेत. सरांचं स्वागत करू या." पुरस्काराला एक वाक्य लागलं, पेटी तशीच राहिली.

टाचणीचाही दोष माझा. आता छोटा पिवळ्या कागदावर, मोठा पांढऱ्यावर, आणि दोन्हींच्या माथ्यावर ठळक अक्षरात "दोन्हींपैकी एकच वाचा". शेवटचं वाक्य मात्र दोन्हीकडे मुद्दाम एकच ठेवतो. मोठा वाचताना मध्येच "आवरा" अशी खूण आली, तर निवेदक थेट त्या वाक्यावर उडी मारू शकतो.

एका बाबतीत निवेदिकाताईंची बाजू घेतो. छोटा निवडला हे त्यांनी बरोबरच केलं. पाहुणे उशिरा आले होते, आणि तुम्हीच फोनवर सांगितलंत की प्रास्ताविक वीस मिनिटं चाललं व त्यातच सरांची निम्मी कारकीर्द सांगून झाली होती. त्यावर अडीच मिनिटांचा मोठा परिचय पूर्ण वाचला असता, तर सरांनाच अवघडल्यासारखं झालं असतं. (प्रास्ताविक करणाऱ्यांना पाहुण्यांचा परिचय आधी दाखवून ठेवला, की ही पुनरुक्ती टळते. हे मी सांगायला हवं होतं.)

निम्मं मानधन आजच परत पाठवतो. दुरुस्त केलेले दोन्ही परिचय सोबत देईन. तुमच्या वार्षिक अहवालात मोठा छापता येईल, फक्त त्याआधी सरांना एकदा वाचून दाखवा.