एक घनमीटरचा शोषखड्डा आणि सहा मिनिटं

छताचं पावसाचं पाणी जमिनीत जिरवायचं तर असा सल्ला मिळतो: “१ मीटर लांब, १ मीटर रुंद, १ मीटर खोल खड्डा घ्या, दगडगोटे भरा. छताचं सगळं पाणी जिरतं, माती कुठलीही असो. खात्री हवी तर बादलीभर पाणी ओतून बघा.”

आधी ‘सगळं पाणी’ मोजू. स्लॅब १०० चौरस मीटरचा आहे आणि वळवाचा पाऊस तासाभरात ५० मिलिमीटर कोसळला. त्यातलं ८५ टक्के पाणी पाइपातून आलं, तरी ते ४,२५० लिटर भरतं. तुमचा खड्डा रिकामा असता तर १,००० लिटरचा. पण गोट्यांच्या मधल्या पोकळीत जेमतेम ४० टक्के, म्हणजे ४०० लिटरच मावतात. सहा मिनिटांत खड्डा तुडुंब, पुढचं पाणी अंगणात.

बादलीचा प्रयोग तर सरळ फसवतो. कोरडी माती पहिलं पाणी घटाघटा पिते, आणि काळ्या मातीत ते भेगांतून नाहीसं होतं. माती फुगली की त्याच भेगा मिटतात. म्हणून चाचणी खड्ड्याच्या नियोजित तळाशी, जमीन रात्रभर भिजवून घ्यायची. समजा, मुरमात ३० सेंटिमीटर व्यासाच्या भोकात सरासरी २० सेंटिमीटर पाणी ठेवलं आणि पातळी तासाला ११ सेंटिमीटर उतरली, तर हुरळून जाऊ नका. पाणी बाजूंनीही गेलेलं असतं. भिजलेलं सगळं क्षेत्र तळाच्या ३.७ पट भरतं, म्हणून खरा आकडा ११० मिलिमीटरला ३.७ ने भागून येतो: तासाला ३० मिलिमीटर. पुढे गाळ बसणारच, म्हणून मी निम्मा, १५ धरतो.

आता याच मुरमात १ मीटर रुंद, दीड मीटर खोल चर घ्या. दर मीटर लांबीला पोकळी ६०० लिटर. तळ गाळाने बुजणार, म्हणून तो सोडला. दोन्ही भिंतींची निम्मी उंची धरली की दीड चौरस मीटर क्षेत्र मिळतं, त्यातून तासाला साधारण २२ लिटर मुरतात. ४,२५० भागिले ६२२, म्हणजे ७ मीटर लांबी. गंमत बघा, पाऊस चालू असताना मातीने उचललेला भार नगण्यच आहे. आकार ठरवते ती पोकळी. मातीचं काम नंतरचं: भरलेला चर इथे साधारण २७ तासांत रिकामा होतो, पुढच्या सरीला जागा मिळते.

‘माती कुठलीही’ हे इथेच कोसळतं. काळ्या मातीत असा निम्मा धरलेला वेग तासाला २ मिलिमीटर आला, तर हाच चर रिकामा व्हायला आठ दिवस घेतो. आषाढात आठ कोरडे दिवस कोण देणार? तिथे लांबी वाढवण्याऐवजी काळीचा थर ओलांडून मुरमापर्यंत जायचं आणि चाचणी तिथे पुन्हा घ्यायची. मुरूम फार खोल असेल तर पाणी सरळ टाकीत घ्या.